पहिले पान गळालेले पुस्तक : 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या अनुवादकांविषयी

पैठण तालुक्यातील बिडकीन येथे वर्षावासात होणाऱ्या ग्रंथवाचनास आम्ही काही दिवस उपस्थित होतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज सायंकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. बहुतेक प्रत्येक विहारात ही प्रथा आहे. वाचनासाठी ठेवलेली प्रत जुनी होती. पुठ्ठ्यास कापडी पट्टी चिकटविलेली, पाने बोटांच्या स्पर्शाने मऊ पडलेली, आणि आरंभीची दोन-तीन पाने गळून गेलेली. जे पुस्तक खरोखर वाचले जाते त्याची आरंभीची पानेच आधी गळतात. त्यामुळे वाचन थेट सिद्धार्थ गौतमाच्या कुलापासून सुरू होत असे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी समोर बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने विचारले, "सर, हे बाबासायबांनी आपल्या मराठीतच लिवलं व्हतं ना?"

आम्ही सांगितले की नाही, मूळ ग्रंथ इंग्रजीत आहे. यावर त्या माउलीस आश्चर्य वाटले आणि थोडे वाईटही वाटले. "मग मराठीत कोणी आणलं?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. याचे उत्तर गळालेल्या पानावर होते. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे या तिघांनी केलेला हा अनुवाद 1970 साली मुंबईच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ प्रकाशनाने प्रसिद्ध केला. आम्ही तीन नावे सांगितली, त्या आजींनी ती मनाशी म्हटली, आणि वाचन पुढे सुरू झाले. परंतु आमचे समाधान झाले नाही. केवळ नाव सांगणे म्हणजे ऋण सांगणे नव्हे.

अनुवादित ग्रंथाच्या आरंभी 'प्रकाशकाचे निवेदन' असते आणि त्यात अनुवादकाचे आभार असतात. मराठीत या आभारांचा एक साचा ठरून गेला आहे. अनुवादकाने हे शिवधनुष्य लीलया पेलले, त्याचे आभार मानून प्रकाशक ऋणमुक्त होऊ इच्छीत नाही, अनुवाद मूळ ग्रंथासारखाच रसाळ उतरला आहे, इत्यादी. अशी निवेदने आम्हीही लिहिली आहेत. त्यांतून अनुवादकाने नेमके काय केले हे कधीच कळत नाही. पालीतील शब्द याहून अधिक काटेकोर आहे. मङ्गलसुत्तातील 'कतञ्ञुता' आपण सर्व जण म्हणतो. 'कत' म्हणजे केलेले आणि 'ञू' म्हणजे जाणणारा. केलेले जो जाणतो तो कतञ्ञू, आणि ते इतरांस जाणवून देतो तो कतवेदी. अङ्गुत्तरनिकायात हे दोन्ही शब्द जोडीने येतात आणि असा मनुष्य जगात दुर्लभ असल्याचे म्हटले आहे. या व्याख्येने पाहिले तर अनुवादकाचे आभार मानण्याआधी त्याने काय केले हे माहीत असले पाहिजे. पुढील मजकूर त्या गळालेल्या पानाच्या जागी आमच्याकडून लिहिलेले निवेदन समजावे.

आरंभ इंग्रजी ग्रंथापासून करावा लागतो, कारण तिघांपैकी एका अनुवादकाचा या ग्रंथाशी संबंध अनुवादाच्या पुष्कळ आधी जुळलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली महाबोधि सोसायटीच्या मासिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. बौद्धांना सर्वत्र जवळ बाळगता येईल असा एकच आधारग्रंथ नाही, ही अडचण त्यांनी त्यात मांडली होती. त्यानंतर त्यांनी स्वतःच हा ग्रंथ हाती घेतला. आरंभी त्याचे नाव 'द बुद्धा अँड हिज गॉस्पेल' असे होते. पुढे 'गॉस्पेल' हा ख्रिस्ती परंपरेतील शब्द गेला आणि 'धम्म' आला. लेखन 1956 पर्यंत चालले. त्या वर्षाच्या पूर्वार्धात त्यांनी प्रस्तावना लिहिली. 5 डिसेंबर 1956 च्या रात्री ग्रंथाच्या उपोद्घाताची आणि प्रस्तावनेची टंकलिखिते त्यांनी पुन्हा पाहण्यासाठी मागवून घेतली, हे त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी नोंदविले आहे. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ 1957 साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनांत निघाला, परंतु ती प्रस्तावना त्यात नव्हती. पुढे भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावनांचे जे पुस्तक 1980 साली काढले, त्यात ती वाचकांपुढे आली.

ही प्रस्तावना का वगळली गेली याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तीत शिरण्याचे आम्हांस येथे कारण नाही. आमचे लक्ष आहे तिच्या शेवटच्या भागाकडे, कारण तेथे आभार आहेत. आपले आयुष्य वाढविल्याबद्दल बाबासाहेब डॉ. मालवणकर आणि माईसाहेब यांचे ऋण व्यक्त करतात, आणि त्यानंतर म. भि. चिटणीस यांचे आभार मानतात. चिटणीसांनी विशेष आस्थेने मुद्रिते तपासली आणि संपूर्ण ग्रंथ नजरेखालून घातला, एवढेच त्या आभारांचे कारण दिले आहे. स्तुतीचे विशेषण नाही की शिवधनुष्य नाही. काय केले तेवढे सांगितले. वर सांगितलेल्या अर्थाने हे कतवेदी होणे आहे.

चिटणीस कोण, हे मराठवाड्यातील जुन्या पिढीस सांगावे लागणार नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत जे महाविद्यालय काढले आणि ज्यास पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले, त्याचे ते प्राचार्य होते. ज्या परिसरास बाबासाहेबांनी नागसेनवन म्हटले, तेथे त्यांचे वास्तव्य होते. 'युगयात्रा' हे त्यांचे नाटक तेथेच जन्मले. बिडकीनहून पैठण रस्त्याने शहरात शिकावयास जाणाऱ्या आपल्या पहिल्या पिढीतील कित्येकांनी ज्या महाविद्यालयाची पायरी चढली, ते हेच. त्या आजींच्या हातात जे पुस्तक होते त्याच्या इंग्रजी मूळ प्रतीची मुद्रिते तपासणारे आणि पुढे मराठी अनुवादातही सहभागी झालेले प्राचार्य त्यांच्याच जिल्ह्यात राहत होते, हे आम्ही दुसऱ्या दिवशी सभेत सांगितले.

दुसरे अनुवादक शां. शं. रेगे हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल. बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम ज्या थोड्या माणसांनी जवळून पाहिले, त्यांत त्यांची गणना होते. तिसरे घनश्याम तळवटकर, जे सिद्धार्थच्याच वर्तुळात वाढलेले आणि साहित्याच्या चळवळीत वावरलेले होते. म्हणजे हा अनुवाद बाजारातून बोलावलेल्या व्यावसायिक भाषांतरकारांनी केलेला नाही. ज्या संस्थेने मूळ ग्रंथ छापला, तिच्याच घरातील माणसांनी तो मराठीत आणला.

इंग्रजी ग्रंथ आणि मराठी ग्रंथ यांत तेरा वर्षे गेली. ही तेरा वर्षे लहान नव्हेत. 1961 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 28 लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदविला. त्यांतील इंग्रजी वाचू शकणारे किती असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. दीक्षा घेतली, देव विसर्जित केले, बावीस प्रतिज्ञा पाठ झाल्या, परंतु ज्या ग्रंथात हा धम्म सविस्तर सांगितला आहे, तो बहुसंख्यांना कपाटातील इंग्रजी पुस्तकाच्या रूपातच ठाऊक होता. या काळात लोकांनी धम्म ऐकला तो गायनपार्ट्यांतून, भिक्खूंच्या प्रवचनांतून आणि शिकलेल्या मुलांनी जमेल तसा अर्थ सांगितला त्यातून. बाबासाहेबांना विद्यार्थीदशेत बुद्धाकडे नेणारे पुस्तक मराठी होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी लिहिलेले ते बुद्धचरित्र. त्या वाटेने निघालेला विचार इंग्रजीत लिहिला गेला आणि मराठीत परत यावयास 1970 साल उजाडले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हा ग्रंथ मराठीत आणणे वरवर पाहता सोपे वाटते. मूळ इंग्रजी वाक्ये लहान आहेत, त्यांना क्रमांक आहेत, अलंकार नाहीत. परंतु हा ग्रंथ इंग्रजीत लिहिलेला असला तरी त्यातील पुष्कळ मजकूर पाली तिपिटकातून, इंग्रजी भाषांतरांच्या वाटेने आलेला आहे. त्यामुळे अनुवादकास इंग्रजीतून मराठीत येताना एक डोळा सतत पालीकडे ठेवावा लागतो. त्यातही मूळ ग्रंथात तळटिपा नाहीत. कोणते वचन कोणत्या सुत्तातील, हे लेखकाने दिलेले नाही. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना ही मुळे शोधून काढण्याचे मोठे काम केले. ते किती कष्टाचे असते हे पालीच्या अभ्यासकासच कळते, कारण एकाच प्रकरणात दीघनिकाय, विनय आणि थेरगाथा यांचे धागे एकत्र आलेले असतात.

पहिली अडचण अगदी लहान दिसते. रोमन लिपीत छापलेल्या मूळ ग्रंथात ऱ्हस्व-दीर्घ आणि त-ट यांचा भेद दाखविणाऱ्या खुणा नाहीत. दुसऱ्या खंडात पतित आणि दलितांच्या धम्मदीक्षेचे प्रकरण आहे. त्यात उपालि नावाचा न्हावी येतो, सोपाक आणि सुप्पिय हे अस्पृश्य येतात, सुप्पबुद्ध हा कुष्ठरोगी येतो, आणि राजगृहात झाडलोट करणारा एक मनुष्य येतो. रोमन अक्षरांत त्याचे नाव ज्या रीतीने छापले जाते ते मराठी माणसाने सरळ वाचले तर 'सुनीता' होते. बिडकीनच्या सभेतच तीन-चार सुनीता बसल्या होत्या. वस्तुतः हा पुरुष आहे. थेरगाथेत त्याच्या स्वतःच्या गाथा आहेत, आणि तेथे त्याचे नाव सुनीत आहे. म्हणजे एका मात्रेच्या चुकीने थेर हा थेरी झाला असता, आणि ऐकणाऱ्या कोणालाही चूक कळली नसती, कारण दोन्ही नावे तितकीच आपली वाटतात. असे शेकडो नामशब्द या ग्रंथात आहेत आणि प्रत्येक ठिकाणी अनुवादकास मूळ पाली रूप माहीत असावे लागते.

नावाच्या पुढे त्याचा व्यवसाय येतो. थेरगाथेत सुनीताने आपणास 'पुप्फछड्डक' म्हटले आहे. शब्दशः अर्थ कोमेजलेली फुले काढून टाकणारा. इंग्रजीत याचा साधा झाडूवाला झाला. मराठीत यासाठी सहज सुचणारा शब्द एका जातीचे नाव आहे. तो वापरला तर वाचकास सुनीत लगेच कळतो, पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका मनुष्यास आजच्या जातीचे नाव चिकटते. व्यवसायाचे नाव वापरले तर जातीचा दाह जातो, आणि तो दाह तर प्रकरणाच्या गाभ्याशी आहे. येथे निर्दोष शब्द नाही. आमचे मत असे की व्यवसाय सांगावा आणि हीन कुळात जन्मल्याचे त्याचे स्वतःचे बोल त्याच्या तोंडीच ठेवावे. सुनीत ते लपवीत नाही, मग अनुवादकाने त्यास वेगळे नाव देण्याची गरज उरत नाही.

दुसरी अडचण ग्रंथाच्या मध्यभागी आहे, आणि ती अडचण म्हणून सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चौथ्या खंडात बाबासाहेब 'रिलिजन' आणि 'धम्म' यांतील फरक सांगतात. रिलिजन हा शब्द अनिश्चित आहे, त्याचा अर्थ काळाप्रमाणे बदलत गेला, तो ईश्वर, आत्मा, प्रार्थना, विधी यांच्याशी निगडित झाला. धम्म हा माणसामाणसांतील योग्य संबंधांचा, नीतीचा विषय आहे. इंग्रजीत हा फरक ऐकताच कळतो, कारण एक शब्द लॅटिनमधून आलेला आणि दुसरा पालीतला. दोहोंचे मूळ वेगळे, रूप वेगळे.

मराठीत मात्र 'रिलिजन'ला शब्द एकच आहे, तो म्हणजे धर्म. आणि धर्म व धम्म हे दोन शब्द नाहीतच, एकाच शब्दाची ती दोन रूपे आहेत. संस्कृतातील र् पुढील व्यंजनात मिसळतो आणि पालीत ते व्यंजन दुहेरी होते. कर्माचे कम्म होते, धर्माचे धम्म. कम्म पुढे प्राकृतातून मराठीत उतरून आपले रोजचे 'काम' झाले. धर्म मात्र आपण पुन्हा संस्कृतातूनच उचलला. तिपिटकात पाहावे तर बुद्धाच्या शिकवणीस धम्म म्हणतात आणि इतर आचार्यांच्या शिकवणीसही धम्मच म्हणतात. या फरकासाठी पालीत दोन शब्द नाहीत, संस्कृतातही नाहीत.

अनुवादकांनी काय केले? त्यांनी एकाच शब्दाची ही दोन रूपे दोन वेगळ्या अर्थांसाठी समोरासमोर उभी केली. धर्म म्हणजे रिलिजन, धम्म म्हणजे बुद्धाने सांगितले ते. त्यामुळे 'धम्म हा धर्माहून वेगळा कसा' असे वाक्य मराठीत शक्य झाले. पाली व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर ते जवळजवळ निरर्थक आहे, आणि तरीही बिडकीनच्या सभेतील एकाही श्रोत्यास त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. आज आपली मुले शाळेच्या अर्जात 'धर्म : बौद्ध' लिहितात आणि घरी 'धम्म' म्हणतात, त्यांना यात विसंगती वाटत नाही. भाषेत एक नवा भेद रुजला. तो बाबासाहेबांच्या विचारातून आला हे खरेच. परंतु मराठीत तो रोज तोंडी येईल इतका पक्का करण्यात या अनुवादाचा आणि त्याच्या वाचनाचा मोठा वाटा आहे. तुलनेसाठी कौसल्यायनांच्या हिंदी अनुवादाचे नाव पाहावे, ते 'भगवान बुद्ध और उनका धर्म' असे आहे. ते पालीचे गाढे पंडित होते आणि त्यांच्या दृष्टीने धर्म हेच धम्माचे सरळ हिंदी रूप होते. व्याकरणाने ते बरोबर आहेत. तरी मुखपृष्ठावर 'धम्म' ठेवणाऱ्या मराठी अनुवादकांना बाबासाहेबांचा चौथा खंड अधिक नीट कळला होता, असे आम्हांस वाटते.

मुखपृष्ठावर आणखी एक शब्द आहे आणि त्याविषयी आमचा थोडा मतभेद आहे. इंग्रजी नावात केवळ 'बुद्ध' आहे. मराठीत 'भगवान' जोडले गेले. पालीत 'भगवा' हे बुद्धाचे नित्याचे संबोधन आहे आणि राग, द्वेष, मोह ज्याने भग्न केले तो भगवा असा एक अर्थ बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात दिला आहे. त्या अर्थाने शब्द निर्दोष आहे. परंतु मराठी कानाला 'भगवान' म्हटले की देव आठवतो. ज्या ग्रंथात बुद्धाने आपल्या धम्मात स्वतःसाठी स्थान ठेवले नाही असे स्पष्ट सांगितले आहे, त्याच्या मुखपृष्ठावर हा शब्द थोडा खटकतो. तरीही हे नाव आता लोकांच्या तोंडी बसले आहे, ते बदलावे असे आम्ही म्हणणार नाही. केवळ वाचन सुरू करताना एकदा त्याचा अर्थ सांगावा.

तिसरे उदाहरण वाचनाच्या शेवटच्या आठवड्यांतले आहे. पाचव्या खंडात उपासकांसाठी विनय सांगितला आहे. त्यातील गृहस्थ, पुत्र, शिष्य, पती-पत्नी, मालक-सेवक यांचे नियम दीघनिकायाच्या सिगालोवादसुत्तातून आले आहेत. सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना हात जोडीत असतो, आणि बुद्ध त्यास सांगतात की आई-वडील, गुरू, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण यांच्याविषयीचे कर्तव्य म्हणजेच खरे दिशावंदन. मालकाने सेवकांसाठी पाच गोष्टी कराव्या : ताकद पाहून काम सांगावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, काही विशेष खाद्य आले तर वाटून खावे, आणि पाचवी गोष्ट 'समये वोस्सग्ग'. वोस्सग्ग म्हणजे सोडणे, मोकळे करणे. इंग्रजीत याचे 'वेळोवेळी रजा देणे' झाले आणि मूळ ग्रंथात ते तसेच आले.

हे वाचून झाले तेव्हा मागच्या बाजूने एका वृद्ध गृहस्थांनी हात वर केला. त्यांनी उमेदीची पुष्कळ वर्षे सालगडी म्हणून काढली होती. ते म्हणाले, "सालगड्याला रजा कसली, सर? पाडव्याला साल ठरलं की वर्सभर बांधलेला. आमचा झगडा रजेचा नव्हता. सांजच्याला सुट्टी कवा हुईल, त्याचा व्हता."

आम्ही घरी येऊन अट्ठकथा उघडली. दीघनिकायावरील सुमङ्गलविलासिनीत बुद्धघोषाने 'समये वोस्सग्ग' या दोन शब्दांचे दोन अर्थ दिले आहेत. एक रोजचा : दिवसभर काम करणारे थकतात, म्हणून त्यांना शीण होणार नाही अशा बेताने वेळ जाणून त्यांस मोकळे करावे. दुसरा प्रसंगाचा : सण-उत्सवाच्या दिवशी दागिने, खाद्य, भोजन देऊन मोकळे करावे. इंग्रजी अनुवादात हा दुसरा अर्थ तेवढा राहिला, पहिला गळाला. आणि गळाला तो अर्थ या माणसाने तिपिटक न वाचता, आपल्या पाठीच्या अनुभवावरून परत आणून दिला. मराठीत तर त्यासाठी तयार शब्द आहे. शेतावर 'सुट्टी झाली' म्हणजे दिवसाचे काम संपले, आणि सणाची 'सुट्टी' म्हणजे रजा. 'समये वोस्सग्ग'चे दोन्ही अर्थ सुट्टी या एका शब्दात मावतात. 'रजा' म्हटले की परवानगी मागणे आले, मालकाची मर्जी आली. पालीतील शब्दात मागणे नाही, मालकाने वेळ ओळखून आपण होऊन सोडणे आहे. आज बिडकीनच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहते आहे आणि सालगड्यांची नातवंडे कंत्राटी कामगार होत आहेत. पाळीचे तास किती, ज्यादा काम कोण सांगते, हा प्रश्न त्यांच्याही पुढे आहे. सभेतील दोघा तरुणांनी नेमके हेच वाक्य पुन्हा वाचावयास सांगितले.

अनुवाद जेव्हा इंग्रजीतून होतो तेव्हा तो इंग्रजीच्या चाळणीतून येतो, आणि चाळणीत जे अडकले ते मराठीत येत नाही, हे या उदाहरणावरून दिसते. हा तिघा अनुवादकांचा दोष मानता येणार नाही. त्यांच्यापुढे बाबासाहेबांचा ग्रंथ होता आणि बाबासाहेबांनी लिहिले ते मराठीत आणणे हे त्यांचे काम होते. मूळ लेखकाच्या वाक्यात अट्ठकथेचा अर्थ घुसडणे हा अधिकारातिक्रम ठरला असता. अशा जागा टिपांत दाखविणे हे नंतरच्यांचे काम आहे. सिगालोवादसुत्त मराठीत थेट पालीवरून वाचावयाचे तर चिं. वै. राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दीघनिकायाच्या अनुवादाची जी वाट 1918 साली बडोद्याच्या आश्रयाने सुरू केली, तिच्यावरून पुढे जावे लागेल. ते वेगळे काम आहे आणि ते अपुरे आहे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. अनुवादाची भाषा काही ठिकाणी संस्कृतप्रचुर आहे. उपोद्घातातील बाबासाहेबांचे चार प्रश्न, विशेषतः आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा तिसरा प्रश्न, ऐकून कळण्यास कठीण जातो. महाविद्यालयीन वाचकासाठी ती भाषा योग्य होती, आणि 1970 साली आपल्या लिहित्या पिढीला ती प्रतिष्ठेचीही वाटत होती. ज्यांना शतकानुशतके संस्कृतापासून दूर ठेवले गेले त्यांनी ती शब्दसंपत्ती आपलीशी करणे यात गैर काही नव्हते. पण ग्रंथ पुढे वाचण्यापेक्षा अधिक ऐकला जाऊ लागला. अनुवाद करताना कोणाच्या मनात आले असेल की हे पुस्तक पुढे प्रत्येक वर्षावासात मोठ्याने वाचले जाईल? क्रमांकित वाक्ये मात्र येथे उपयोगी पडली. वाचक क्रमांकाशी थांबतो, श्रोता "सातवं परत वाचा" म्हणतो. मराठीचा स्वभाव लांब, जोडवाक्यांचा असताना अनुवादकांनी मूळ क्रमांकांची मांडणी सांभाळली, यामुळे हे शक्य झाले.

आश्विन पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात आम्ही पुन्हा बिडकीनला गेलो. विहारातील मुलांनी त्या जुन्या प्रतीस नवी शिवण घातली होती आणि आरंभी एक कोरा कागद चिकटविला होता. त्यावर काय लिहावे असे त्यांनी विचारले. ग्रंथाचे नाव आणि बाबासाहेबांचे नाव तर लिहिलेच. त्याखाली असे लिहून दिले : मूळ इंग्रजी, 1957. मराठी अनुवाद घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस, शां. शं. रेगे, 1970. मूळ ग्रंथाची मुद्रिते चिटणीस यांनी तपासली आणि लेखकाने आपल्या प्रस्तावनेत त्यांचे आभार मानले. ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. पहिल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या आजींनी तो कागद हातात घेऊन तिघांची नावे नातीकडून वाचून घेतली. सुट्टीचा प्रश्न काढणाऱ्या गृहस्थांचे नाव त्यावर लिहावे असेही एका मुलाने सुचविले. ते त्या गृहस्थांनी लिहू दिले नाही. पाचव्या खंडातील त्या वाक्याच्या कडेला मात्र मुलांनी पेन्सिलीने 'सांजची सुट्टीही' एवढे दोन शब्द लिहिले आहेत.